सदतीसने भाग जातो

मुरबाडला डी.एड. करताना माझ्या खोलीतली मैत्रीण मसावि म्हटलं की वही मिटायची. मूळ अवयव पाडताना तेरापर्यंत पोचली की तिचा धीर सुटे. मी तिला सरळ भागाकार शिकवला. मोठ्या संख्येला लहान संख्येने भाग. जी बाकी उरेल, तिने आधीच्या भाजकाला भाग. बाकी शून्य आली की थांब; शेवटचा भाजक हाच मसावि. "एवढंच?" म्हणाली होती. नंतरची पंचवीस वर्षं आम्ही दोघी शहापूर तालुक्यातच शिकवत होतो आणि एकमेकींचे डबे खात होतो.

यंदा तालुक्याच्या गणित स्पर्धेचा पेपर तिने काढला. सापगावच्या बाजूच्या पाड्यावरून येणारी माझी सातवीची विद्यार्थिनी एका गुणाने मागे पडली. जिल्ह्याला एकीलाच जायचं होतं. १५१७ आणि ११४७ यांचा मसावि, दोन गुण. उत्तरसूचीत १ होतं, पोरीने ३७ लिहिलं होतं.

"बाई, माझा चुकला नाय. मी दोनदा केलाय."

मी पडताळून पाहिलं. १५१७ ला ११४७ ने भागलं, बाकी ३७०. ११४७ मधून ३७० तीनदा गेले, बाकी ३७. ३७० मधून ३७ बरोबर दहादा गेले, बाकी शून्य. पोरीचं बरोबर होतं.

मैत्रिणीला फोन केला.

"अगं, मी तेवीसपर्यंत भागून पाहिलं, कशानेच जाईना. म्हटलं, सामाईक काही नाहीच. चुकलंच माझं. उद्या निकालाच्या बैठकीत सांगते."

दुसऱ्या दिवशी बैठकीत विस्तार अधिकाऱ्यांनी त्या उत्तराबद्दल विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"उत्तरसूची बरोबर आहे, सर. पोरीने अंदाजे ठोकलं असणार. एवढ्या मोठ्या संख्यांत सदतीस कुठून सुचणार?"

"स्वप्नात आला असेल!" मागून एक गुरुजी म्हणाले. सगळे हसले. तीही हसली.

फोनचं मी काढलं नाही. उठले, खडू घेतला आणि तिन्ही भागाकार फळ्यावर मांडले. तेच गुरुजी मान खाली घालून गुणाकार करू लागले आणि पुटपुटले, "सदतीस गुणिले एकेचाळीस, पंधराशे सतरा. सदतीस गुणिले एकतीस, अकराशे सत्तेचाळीस. बरोबर आहे, सर."

निकाल बदलला. पोरगी जिल्ह्याला जाणार हे ठरलं.

बाहेर व्हरांड्यात मैत्रिणीने माझा हात धरला. "फोनचं बोलली नाहीस ते बरं केलंस गो. माझी लाज राखलीस."

"तुझा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे. शिपायाबरोबर पाठवते," म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

शाळेत पोरीला निकाल सांगितला. ती खूश झाली, मग म्हणाली, "बाई, पेपर काढणाऱ्या बाईंना भागाकार येत नाय का?"

"येतो," मी म्हटलं. "मीच शिकवलाय."