रातपाळीची झोप आणि लवूचं एक वाक्य

करी रोडच्या एका चाळीत गावकऱ्यांची एक खोली होती. दिवसपाळीवाले गिरणीत गेले की त्यांच्या जागी रातपाळीवाले अंग टाकत. लवू परब रातपाळीचा. कामाला वाघ, पण बैठकीत तोंडाला कुलूप! मागच्या बैठकीत एकदाच तोंड उघडलं. पाणी, चटया, खिडकी, सगळी गाऱ्हाणी एका दमात ओकून मोकळा झाला. लोक हसले, आणि काम एकही झालं नाही.

सत्तावन्नच्या निवडणुकीचे दिवस. गावमंडळाच्या पोरांनी ठरवलं, खोलीत संयुक्त महाराष्ट्र समितीची कचेरी थाटायची, सकाळपासून. संयुक्त महाराष्ट्र लवूलाही हवा होता; मोर्च्यात त्याने लाठी खाल्ली होती. पण दिवसाची झोप गेली, तर रात्री मागावर डुलकी लागणार आणि एखाद्याचा हात जाणार. हे बोलावं तर लोक म्हणणार, हा फितूर!

जेवताना त्याचा घास तोंडातच फिरताना खानावळवाल्या सुंदराबाईंनी पाहिला. त्यांनी त्याच्या मनातलं सगळं काढून घेतलं.

"लवू, एकच गोष्ट घेऊन जा. घोकून ठेव. आणि घोषणा चालू असताना बोलू नको रे बाबा. माझ्या पंगतीत मी कधी बोलतंय? तोंडां भरलेली असतात तेव्हा, गप ऐकून घेतात. त्यांका काय तरी अडला, की मग बोल."

लवूने भाताबरोबर एकच वाक्य जुळवून घोळवलं. वाटेतही तेच पुटपुटत गेला.

बैठकीला सगळे जमले. अध्यक्ष अप्पा सावंत, गावचेच, गिरणीत मुकादमी करणारे जुने जॉबर, नारळ फोडून बसले. भाषणं झाली, घोषणा झाल्या. लवूची जीभ दोनदा वळवळली. दोन्ही वेळा त्याने ती दाताखाली धरली. शेवटी अप्पांनी विचारलं, "ठीक. पण दिवसा कचेरी उघडून बसणार कोण? तुम्ही तर सगळे पाळीवर." पोरं बोटांवर पाळ्या मोजू लागली. हिशेब काही जमेना.

लवू उभा राहिला.

"अप्पा, कचेरी संध्याकाळी उघडूया. तेव्हा दिवसपाळीवाले सुटलेले असतात आणि आम्ही उठलेले."

आणि तो बसला. खरं तर आणखी बोलण्यासारखं बरंच होतं, चटयांचंही. पण ते त्याने गिळलं. अप्पांनी मान हलवली. पोरांचंही अडलेलं सुटलं होतं. ठराव झाला.

लवू तसाच खानावळीत गेला. सुंदराबाई चुलीशी होत्या. तो वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला. "बाय, उपकार झाले तुमचे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं म्हणणं कुणीतरी पुरतं ऐकून घेतलं होतं.

"उठ," त्या म्हणाल्या. "माझे कसले उपकार? तूच बोललंस."

दुसऱ्या दिवशी पाळी करून लवू आडवा झाला. डोळा लागतोय तोच दाराशी पावलं वाजली. पोरं फलक ठेवायला आली होती.

"हळू रे," त्यांच्यातला सर्वात मोठ्या आवाजाचा जगदीश कुजबुजला, "आपली माणसं झोपलीत."