एका शब्दाचे तीन शब्द

ती बाई माझ्याकडे आली तेव्हा बसायला तयार नव्हती. खुर्ची पुढे केली, तरी उभीच राहिली. हातातल्या पिशवीतून तिने माझ्याच भाषांतराची झेरॉक्स काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे तुमचंच लिहेल हाय काय?"

खाली माझी सही आणि शिक्का होता. मी हो म्हणालो.

"मंग माह्या पुतण्याले तुम्ही आधीपासून ओळखता काय?"

नाही म्हणालो. तिने मान हलवली, पण विश्वास बसल्याचं चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

जळगाव जामोदच्या दिवाणी न्यायालयात मी बरीच वर्षं लिपिक होतो. निवृत्त झाल्यावर घरीच भाषांतराची कामं घेऊ लागलो. महिन्याभरापूर्वी सोनाळ्याचा एक तरुण उच्च न्यायालयाचा इंग्रजी निकाल घेऊन आला होता. सगळा निकाल नको, महत्त्वाचे उतारे मराठीत हवेत, ग्रामपंचायतीत द्यायचे आहेत, असं त्याने सांगितलं होतं. मी सहा परिच्छेद करून दिले होते. दुसऱ्या बाजूला त्याची काकू आहे, एवढं मला निकालावरून माहीत होतं. ती काकू आता माझ्यासमोर उभी होती.

प्रकरण फार मोठं नव्हतं. नवरा गेल्यावर ती सासरच्या घरात राहत होती. पुतण्या 'हे घर माझं' म्हणत तिला त्रास देऊ लागला, तेव्हा तिने मनाई हुकूम मागितला आणि तो तिला मिळाला. जिल्हा न्यायालयानेही तो कायम ठेवला, वर मालकीही तिचीच आहे असा निष्कर्ष लिहिला. पुतण्या उच्च न्यायालयात गेला. तिथे त्याचं अपील अंशतः मंजूर झालं. दावा फक्त मनाई हुकुमाचा होता, त्यात मालकी ठरवायचं कारण नव्हतं, म्हणून तो निष्कर्ष गेला. मनाई हुकूम मात्र राहिला. कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीखेरीज पुतण्याने तिच्या कब्ज्यात ढवळाढवळ करायची नाही.

एवढं असताना आठ दिवसांपूर्वी त्याने अंगणात तारेचं कुंपण घातलं होतं. ती ग्रामपंचायतीत गेली, तर ग्रामसेवकाने माझं भाषांतर काढून दाखवलं. घर तुमच्या कब्ज्यात आहे, पण अंगणात तुम्हाला नुसती वहिवाट आहे, जायला-यायला वाट सोडली की झालं, असं पुतण्या म्हणतो आणि कागदातही तसंच दिसतं, असं ग्रामसेवक म्हणाला होता.

मी कागद वाचू लागलो आणि पहिला संशय पुतण्यावर गेला. चौथ्या परिच्छेदात खरंच 'अंगणातील वहिवाट' असं छापलेलं होतं. मी असं लिहिणार नाही, अशी माझी खात्री होती. त्याने पान पुन्हा टाइप करून घेतलं असेल, सही दुसऱ्या पानावरून उचलली असेल, असले प्रकार मी नोकरीत पाहिले होते. मी तिला तसं सूचकपणे म्हणालोही. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी अंगावरचं झटकतोय हे तिला कळलं असावं.

संगणकावर माझी मूळ प्रत होती. ती उघडली, चौथ्या परिच्छेदावर गेलो.

'अंगणातील वहिवाट.' अक्षर न् अक्षर माझंच.

मग इंग्रजी निकाल काढला. दुसऱ्या परिच्छेदात न्यायालयाने घर आणि अंगण मिळून 'दावा मिळकत' म्हटलं होतं आणि तिथून शेवटपर्यंत एकच शब्द वापरला होता : पझेशन. घराला तो, अंगणाला तो, आदेशातही तोच. माझ्या मराठीत घरावर 'ताबा' होता, अंगणात 'वहिवाट' होती आणि आदेशात 'कब्जा'.

हे कसं झालं तेही मला आठवलं. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की वाक्य खडबडीत लागतं, असं मला शाळेपासून वाटत आलंय. अंगण म्हटल्यावर कानाला वहिवाट बरी वाटली. खेड्यात लोक तसं बोलतातही. पण कायद्यात वहिवाट म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जायचा-यायचा हक्कही होऊ शकतो. नेमकं तेच पुतण्याने धरलं होतं. त्याने कागदात काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते मी.

तिला मी तिन्ही जागा दाखवल्या. ती नववीपर्यंत शिकलेली होती, इंग्रजी अक्षरं ओळखत होती. मी बोट ठेवत गेलो तसं तिने तो शब्द प्रत्येक ठिकाणी स्वतः जुळवून पाहिला. मग विचारलं,

"इंग्रजीत शब्द एकच व्हता, तं मराठीत तीन काऊन झाले?"

माझी चूक झाली, असं मी सांगितलं. मग ती खुर्चीवर बसली.

खरं अवघड पुढेच होतं. तिने पिशवीतून आणखी एक कागद काढला. तिच्या भाच्याने मोबाइलवर निकालाचा फोटो काढून मराठी करून घेतलं होतं. त्यात मालकीचा निष्कर्ष 'बाजूला ठेवला' असं आलं होतं.

"बाजूले ठेवला म्हंजे जपून ठेवला ना माह्यासाठी? तुमच्या कागदात रद्द केला हाय. हे तं तुम्ही त्याच्यासाठी लिहेल असन."

मला क्षणभर वाटलं, आज नको. एका चुकीची कबुली दिल्यावर लगेच दुसरी वाईट बातमी कशी द्यायची? पण तिथे नरम शब्द घातला असता, तर पुतण्याच्या बाजूने झाली तशीच चूक मी आता तिच्या बाजूने केली असती. निकालात निष्कर्ष 'सेट असाइड' केलाय, न्यायालयाच्या भाषेत त्याचा अर्थ रद्द असाच होतो, तो पुसला गेला, असं मी सांगितलं. मालकी तुमची नाही असं न्यायालयाने म्हटलेलं नाही आणि त्याची आहे असंही नाही. तो प्रश्न खुला ठेवलाय. त्याला हवं तर वेगळा दावा करून ते सिद्ध करावं लागेल. तोवर कब्जा तुमचा, घराचाही आणि अंगणाचाही.

तिने ते ऐकून घेतलं. "असं तुम्ही म्हन्ता," एवढंच बोलली.

दुपारी मी सगळे परिच्छेद पुन्हा केले. आधी एका कोऱ्या कागदावर शब्द ठरवले : पझेशनला सगळीकडे कब्जा, टायटलला मालकी हक्क, फाइंडिंगला निष्कर्ष, डिक्रीला हुकूमनामा. एकदा ठरवलेला शब्द बदलायचा नाही, वाक्य कितीही बोजड झालं तरी. वर 'दुरुस्त भाषांतर' असं लिहिलं, शब्दांची ती यादी सोबत जोडली, आधीच्या प्रतीत काय चुकलं होतं ते नोंदवलं, तफावत आढळल्यास इंग्रजी निकालच ग्राह्य, हेही घातलं. प्रत्येक पानावर सही केली. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक पुतण्याला, एक तिला.

पुतण्या दुसऱ्या दिवशी आला. तुम्ही काकूच्या दबावात येऊन बदललं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यालाही मी इंग्रजी निकाल उघडून दिला आणि तो शब्द मोजायला सांगितला. त्याने मोजला नाही. मात्र मालकीचा निष्कर्ष रद्द झाल्याचं त्याला दाखवलं, तेव्हा तेवढ्या ओळीचा त्याने फोटो काढून घेतला.

ती बाई पुन्हा आली ती पंधरा दिवसांनी. मधल्या काळात ती माझी प्रत घेऊन बुलढाण्याला एका वकिलाकडे गेली होती आणि सगळं इंग्रजीशी पडताळून आली होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. वकिलाच्या नोटिशीनंतर पुतण्याने अंगणातली तार काढली होती. मालकीचा दावा तो करणार, असं गावात बोललं जात होतं.

"तुमचं बरोबर निघालं," ती म्हणाली आणि नव्या दाव्याचे कागद आले तर तेही मराठीत करून द्याल का, असं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिने अट घातली. आधी शब्दांची यादी तिला दाखवायची, मग लिहायचं.