खोकणारं मूल

विमा कंपनीत मी सव्वीस वर्षं दावे तपासले. माणूस मेला असं कागदावर असलं, तरी मी विचारायचे, कधी, कुठे, बघितलं कोणी? नवरा म्हणायचा, हिला जेवायला वाढलं तरी ही पोळीची पावती मागेल.

स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा आईचा बोरिवलीचा तळमजल्यावरचा फ्लॅट, ती गेल्यापासून, रिकामाच होता. तिथे एका साखळी बालवाडीची फ्रँचायझी घ्यायचं ठरत आलं होतं. फ्लॅट गहाण टाकून कर्ज काढायचं होतं, आणि शुक्रवारी सही. आईने त्या घरासाठी जन्मभर शिकवण्या घेतल्या होत्या.

कंपनीच्या माणसाने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, दोन वर्षांत सगळे पैसे वसूल. मी पेन्सिल घेऊन बसले. जागेचं भाडं शून्य धरलेलं, कारण ‘जागा तुमचीच ना, मॅडम’. माझा पगारही शून्य. मी काय फुकट राबणार होते? त्यांचं नाव वापरायची रॉयल्टी नफ्यावर नव्हे, जमा होणाऱ्या फीवर, आणि मुलं आली नाहीत तरी किमान रक्कम पाच वर्षं द्यायचीच. खेळणी, पुस्तकं त्यांच्याकडूनच घ्यायची, रंगारीसुद्धा त्यांचाच. सोसायटीची परवानगी आणि व्यापारी दराचं वीजबिल, यांचा तर पत्ताच नाही.

“वाट लागली,” नवरा म्हणाला.

“थांब रे. साठ मुलं असली तर यातूनही निघतंय.” खरंच निघत होतं. कागदात पहिल्या जूनपासून साठ मुलं होती. म्हणजे प्रश्न एकच, ती साठ मुलं आहेत का?

अंधेरीचं नमुना केंद्र बघायला गेले. दारात इवल्याइवल्या चपलांच्या रांगा. बंद दाराआड मुलं बडबडगीत म्हणत होती. “आत नको मॅडम, मुलं बिचकतात,” कंपनीचा माणूस म्हणाला. दुसरं कडवं संपलं आणि एक मूल दोनदा खोकलं. ओला, छातीतला खोकला. बिचाऱ्याला घरी ठेवायचं ना, मी मनात म्हटलं. निघताना एक चप्पल हातात घेतली. तळ कोरा करकरीत होता.

घरी येऊन त्याने दिलेल्या यादीतल्या फ्रँचायझीवाल्यांना फोन लावले. मुलुंडच्या बाई म्हणाल्या, झकास चाललंय. मागे तेच गाणं. कडवं संपलं, आणि मूल खोकलं, दोनदा. घाटकोपरच्या गृहस्थांना लावला. तेही झकास, आणि तिथेही खोकला. मी नवऱ्याला हाक मारली आणि जोगेश्वरीचा नंबर स्पीकरवर लावला. बाई बोलत होत्या, आम्ही दोघं मात्र कडवं संपायची वाट बघत होतो.

मूल खोकलं.

“बंद कर गं ते,” नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी न कळवता जोगेश्वरीला गेले. दार माझ्याच वयाच्या एका बाईंनी उघडलं. भिंतींवर हत्ती, फुलपाखरं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, त्यांवर धूळ. मूल एकही नाही.

“कालचा फोन माझाच होता, ताई. किती मुलं आहेत?” मी विचारलं.

“अकरा आली होती. गेल्या वर्षी.” त्या खाली बसल्या. “रॉयल्टी चालूच आहे. मध्येच सोडलं तर दंड. ते म्हणाले, एक नवा माणूस सही करायला आणून द्या, मग तुम्हाला सोडतो. स्पीकरही त्यांनीच दिला.” मग त्यांनी माझा हात धरला. “तुमची जागा स्वतःची आहे ना? तुमचं चालेल हो. घ्या ना. माझी सुटका होईल.”

माझ्या आजोळी म्हणायचे, विहिरीत बुडालेला जीव बदली माणूस मिळाल्याशिवाय सुटत नाही, म्हणून काठावर हाक आली तर ओ देऊ नये. दिवसाढवळ्या, अकरा वाजता, मी माझा हात सोडवून घेतला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंबर बघून त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि कपाटावरच्या स्पीकरचं बटण दाबलं. रिकाम्या खोलीत साठ मुलं गाऊ लागली.

“हो, झकास चाललंय,” माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या. “साठ आहेत. घ्या तुम्ही, बिनधास्त.”

फोनमधून एका तरुण बाईचा आवाज ऐकू येत होता. आनंदलेला, भराभर प्रश्न विचारणारा. मला एकदाच ओरडायचं होतं, अगं, खोटं आहे हे! मी इतक्या जवळ होते की तिला नक्की ऐकू गेलं असतं. पण त्या बाईंचे डोळे बघितले. जन्मभर दुसऱ्यांची खोटी कागदपत्रं पकडणारी मी, गप्प उभी राहिले.

शुक्रवारी मी सही केली नाही. फ्लॅट भाड्याने दिला, आईचं घर वाचलं.

दिवाळीच्या आधी न राहवून जोगेश्वरीला गेले. बोर्ड उतरला होता, हत्तींवर चुना मारला होता. बाई गावी गेल्या, शेजारीण म्हणाली, सुटल्या एकदाच्या.

म्हणजे कोणीतरी सही केली होती.