पंधराचं यंत्र

मी शाळेत गणित शिकवायचे आणि मुलं मला टरकून असायची. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आदल्या दिवशी मी सातवीला त्रिकोण घातला होता. प्रत्येक बाजूवर तीन गोल, आकडे एक ते सहा, प्रत्येक बाजूची बेरीज नऊ. एक मुलगी वही घेऊन आली. "बाई, दोन बाजू जमल्या, तिसरी दहा येते. चालेल?"

"नाही चालत," मी म्हटलं. "कोपऱ्यातला आकडा दोन बाजूंत मोजला जातो. लहान आकडे कोपऱ्यांत टाक." तिनं एक, दोन, तीन कोपऱ्यांत टाकले आणि सगळं जमलं. मला केवढं समाधान वाटलं होतं!

कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही नवीन पनवेलच्या एका प्रसूतिगृहात होतो. नवरा बोटीवर नोकरीला, दूर. उरणकडच्या खाडीकाठच्या गावाहून सासू-सासरे आले होते. सासऱ्यांचा जन्म मासेमारीत गेला, पण गावात कुणी बाई अडली की बोलावणं त्यांनाच. काशाच्या थाळीत कुंकवानं नऊ घरं काढायची, एक ते नऊ आकडे भरायचे, कशीही बेरीज करा पंधरा. बाईनं ते बघत राहायचं, मग थाळी धुऊन ते पाणी प्यायचं, की सुटका. मी या प्रकाराला मनातल्या मनात हसायचे. तोंडावर हसायची माझी काय टाप!

दुपारपर्यंत काहीच पुढे सरकेना. डॉक्टरीणबाई बाळाचे ठोके ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा मला आवडत नव्हता. तेवढ्यात सासूबाई थाळी घेऊन आत आल्या. व्हरांड्यात बसून सासऱ्यांनी ती लिहिली होती. "पोरी, बग याच्याकडं. डोले मिटू नको."

मी बघितलं. वर तीन, पाच, सात. मधे चार, नऊ, दोन. खाली आठ, एक, सहा. आडव्या ओळी पंधरा, उभ्या पंधरा. आणि कर्ण? तीन, नऊ, सहा. अठरा.

कळ आली, गेली. कंबर तुटत होती आणि डोकं मात्र बेरजा करत होतं. मधल्या घरातून चार ओळी जातात, चारींचे मिळून साठ. सगळे आकडे एकदा धरले की पंचेचाळीस, आणि मधला आणखी तीनदा. म्हणजे मधे पाचच हवेत, नऊ कसे चालतील? सवय कुठे सुटते!

"आई, चुकलंय," मी म्हणाले. "तिरक्या ओळी जमत नाहीत. खालची ओळ सगळ्यांत वर घ्यायला सांगा."

त्या दचकून बाहेर गेल्या. दारातून सासऱ्यांचा आवाज आला, "आमी आडवंउभंच बगतू. तिरकं कदी कुनी बगितलंच नाय." थाळी पुसून पुन्हा लिहून आली. आठ, एक, सहा वर, मधे पाच. सगळीकडून पंधरा. मी नीट बघितलं, नंतर पाणीही प्यायले. पटत नव्हतं, तरी घोटभर जास्तच प्यायले.

मुलगी झाली. ती रडली नाही. नाळेचा वेढा गळ्याभोवती होता, त्यात कुणाचीच चूक नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं.

सासऱ्यांना ते पटलं नाही. "आदी चुकलेलं दाकवलं मी तुला," ते म्हणाले.

"बाबा, आकड्यांनी काही होत नाही हो. खरंच काही होत नाही."

"मग चुकलंय म्हनून कशाला सांगितलंस?"

अख्ख्या वर्गाला गप्प करणारी मी, मला एका म्हाताऱ्या माणसाची समजूत घालता येईना.

त्यानंतर गावात त्यांनी कुणाची थाळी लिहिली नाही. बायका दारातून परत जायच्या. पण आम्ही गावी गेलो की जेवणं उरकल्यावर ते अंगणात काडीनं चौकोन काढायचे आणि मला हाक मारायचे. "पोरी, तिरकं बग."

मी उकिडवी बसून सगळ्या ओळी मोजायची. आडव्या, उभ्या, तिरक्या. घाई केली तर त्यांना चालायचं नाही.

"पंधरा, बाबा. सगळीकडून."

"बरोबर हाय ना?"

"अगदी बरोबर आहे."

ते काडी हातात धरून एकेक घर पुन्हा मोजायचे. मग विचारायचे, "तवा पन तू पानी प्यालीस ते बरोबरच व्हतं ना?"

"हो बाबा."

"मग?"