अकरा देगांची जप्ती

हर्षवर्धन दुकानात पहिल्यांदा चालत आला असं म्हणणं चुकीचं ठरेल. तो वाकतच आला. नारायणगुड्याच्या फुटपाथवर त्याने जो नमस्कार सुरू केला तो पायरी, वजनकाटा आणि कळशांची उतरंड ओलांडून थेट भाग्यलक्ष्मीबाईंच्या पावलांशी येऊन संपला. वाटेत त्याच्या डोक्याने दोन चरव्या आणि एक घंगाळ लोळवलं. तो इतका वेळ खालीच राहिला की याला उठवायला माणूस बोलवावा की काय, असं बाईंना वाटू लागलं. जमिनीकडे बघतच तो म्हणाला, "मावशी, आपली माणसं असताना मी भांडी घ्यायला बेगम बाजारात कशाला जाऊ?"

त्याला हिमायतनगरला नवा फंक्शन हॉल काढायचा होता. बिर्याणीसाठी तांब्याच्या अकरा देगा हव्या होत्या, एकेकीत चाळीस किलो तांदूळ शिजेल अशा, झाकणांसकट. बिल तीन लाख चौऱ्याहत्तर हजार झालं. भाग्यलक्ष्मीबाईंनी तीस वर्षं एकटीने दुकान चालवलं होतं. बोटाच्या पेराने टकटक करून त्या पत्र्याची जाडी सांगत. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना ही टकटक कधी जमली नाही. त्यांनी माल उधार दिला.

पुढे दीड वर्ष दर सोमवारी फोन झाला आणि दर सोमवारी हर्षवर्धन म्हणाला, "हौ मावशी, पुढच्या सोमवारी." राग आला की बाई भांडी घासत. त्या दीड वर्षात दुकानातल्या पितळेकडे डोळे उघडून बघणं कठीण झालं होतं. शेवटी त्या कोर्टात गेल्या. अडीच वर्षांनी निकाल लागला: हर्षवर्धनने सगळी रक्कम व्याज आणि खर्चासह द्यावी. बाईंनी शेजाऱ्यांना पेढे वाटले. ऐंशी दिवस गेले, पैसे आले नाहीत.

"कोर्टाने तो देणं लागतो एवढंच ठरवलंय," त्यांच्या वकील सुजाता म्हणाल्या. सुजाता मूळच्या पुण्याच्या, वाईट बातमीही व्याकरणशुद्ध देत. "वसुलीसाठी वेगळी दरखास्त करावी लागेल."

"मग मी जिंकले ते काय?"

"दरखास्त करायचा हक्क."

बाई त्या दिवशी दुकानात आल्या आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत एकच परात घासली.

दरखास्तीत कोर्टाने हर्षवर्धनला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगितलं. त्याने दिलं. हॉलचा भाडेकरार बायकोच्या नावावर, गाडी सासऱ्यांच्या, फ्लॅट आईच्या. त्याच्या स्वतःच्या नावावर एक घड्याळ आणि बँकेत अकराशे रुपये. देगांचा उल्लेखच नव्हता.

"त्याचं काय जप्त करायचं ते आपणच दाखवायचं असतं," सुजाता म्हणाल्या. "कोर्ट शोधायला जात नाही."

"मी दाखवते," बाई म्हणाल्या.

जप्तीचं वॉरंट निघालं. जप्ती करणारे कोर्टाचे अमीन दत्तोबा सकाळी अकरा वाजता हॉलवर पोहोचले. मागे बाई आणि सुजाता, त्यांच्यामागे बाईंनी भाड्याने आणलेला टेम्पो. हर्षवर्धन तिथेही वाकला. बाईंनी पाय मागे घेतले.

"अमीनसाब, स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत," तो नम्रपणे म्हणाला. "कायद्यात लिहिलंय. वकिलाला विचारून बसलोय मी."

दत्तोबांनी चष्मा पुसला. असले कायदेपंडित त्यांनी पंचवीस वर्षं पाहिले होते. "घरच्या गरजेची भांडी, साहेब. घरात किती माणसं?"

"चार."

"चौघं मिळून चारशे चाळीस किलो तांदूळ खाता?"

स्वयंपाकघरातले दोन आचारी तोंड फिरवून हसले. तेवढ्यात हर्षवर्धनचा मेहुणा गौतम पुढे झाला. "देगा माझ्या आहेत. भाऊजींना वापरायला दिल्यात."

इथे बाईंचा पारा चढला. त्यांनी जवळच्या देगेचं झाकण धरलं, उलटं केलं आणि दत्तोबांपुढे धरलं. आत ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: हर्षवर्धन फंक्शन हॉल. "अकराही झाकणांवर आणि अकराही देगांवर आहे. यानेच कोरून घेतलं माझ्याकडून, फुकट. नाव मोठं पाहिजे म्हणून दोनदा कोरलं मी."

दत्तोबांनी बावीस नगांची यादी केली, पंचांच्या सह्या घेतल्या. "हरकत कोर्टात घ्या," ते गौतमला म्हणाले. मग बाईंकडे वळले. "एवढा बोजा आमच्या गोदामात मावणार नाही. यांच्याकडून सांभाळण्याचा जिम्मानामा लिहून घेऊन इथेच ठेवू. हलवता येणार नाहीत यांना, हलवल्या तर गुन्हा."

"याच्याकडे? यात उद्या बिर्याणी शिजेल."

"ताई, ऐका," सुजाता हळूच म्हणाल्या, "इथे राहिल्या तर बरं. तुमचं दुकान दहा बाय चौदा."

"माझ्याकडे द्या. मी डोळ्यात तेल घालून सांभाळते."

सुजातांनी अर्ज केला, कोर्टाने परवानगी दिली, आणि देगा दुकानात आल्या. एकीवर एक अशा रचल्या तरी दारापासून गल्ल्यापर्यंत फक्त देगाच उरल्या. बाई स्वतः एका कोपऱ्यात अशा बसत की रस्त्यावरून त्यांचा फक्त अंबाडा दिसे.

गिऱ्हाईक येई. "मौसी, ये देग कितने की?"

"विकायची नाही."

"मग ठेवलीय कशाला?"

"कोर्टाची आहे."

"मग तो स्टीलचा डबा दाखवा."

डबा देगांच्या मागे होता. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाई.

इकडे गौतमने हरकत घेतली की देगा त्याच्या मालकीच्या. पावती कुठे, तर हरवली. साक्षी, तारखा, वकील आजारी, न्यायाधीशांची बदली. नवे न्यायाधीश आले, त्यांनी झाकण मागवून स्वतः वाचलं आणि हरकत फेटाळली. तोवर नऊ महिने गेले होते. नऊ महिने बाईंनी त्या देगा दर शनिवारी पुसल्या, कारण चकाकी गेली तर भाव पडेल. आणि पुसता पुसता त्या हर्षवर्धनला जे म्हणत ते शेजारच्या शिंप्याने ऐकलंय, पण तो सांगायला तयार नाही.

लिलावाची जाहिरात लागली. सुजातांनी विचारलं, "तुम्हाला बोली करायची असेल तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागेल. बोलीची रक्कम तुमच्या येणे रकमेतून वळती करून घेता येईल. घेऊ?"

"माझीच भांडी मी विकत घेऊ?" बाई कडाडल्या. "पैसे पाहिजेत मला."

म्हणून लिलावाच्या दिवशी, दुकानासमोर, त्या नुसत्या उभ्या राहिल्या. बेगम बाजारातले चार मोडवाले, जुनी भांडी घेणारे व्यापारी, आले होते. त्यांच्याबरोबर गौतमने आधीच चहा घेतला होता. पहिली बोली नव्वद हजारांची झाली. बाईंच्या कपाळाची शीर उडू लागली.

"एकेक पस्तीस किलोची आहे रे," त्या म्हणाल्या. "मोडीत घातली तरी जास्त येतील."

"ताई, परवानगीशिवाय तुम्ही बोली करू नका," दत्तोबा म्हणाले.

"बोली कुठे करतेय? वजन सांगतेय."

"वजन पण मनात सांगा."

बोली एक लाख साठवर अडली. गौतमने एक नव्वद म्हटलं. मोडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खिशात हात घातले. दत्तोबांनी तीनदा पुकारलं, वाट पाहिली, आणि लिलाव गौतमच्या नावे कायम केला. त्याने तिथल्या तिथे पूर्ण पैसे भरले. इतके पैसे त्या घरात इतक्या पटकन निघतात, हे बाईंनी पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. त्याच टेम्पोने देगा हिमायतनगरला त्याच स्वयंपाकघरात गेल्या.

बाई रिकाम्या दुकानात आल्या. हाताला काही घासायला मिळेना, म्हणून त्यांनी वजनकाट्याचं पारडं घासलं. पुढचे सहा महिने दुकान रोज उघडं होतं. गिऱ्हाईकांना मात्र पुढच्या दुकानाची सवय झाली होती.

एक लाख नव्वद हजार कोर्टातून मिळाले, ते दुकानाच्या थकलेल्या भाड्यात गेले. उरलेल्या रकमेसाठी दुसरी दरखास्त चालू आहे. दुकान बाईंनी डिसेंबरमध्ये बंद केलं.