तांब्यावरचे देवीचे वण

आमच्या घरात अण्णांचा एकच फोटो होता, आणि तो खोटा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. करकंबहून सोलापुरात आले, दुसऱ्याच्या मागावर बसले आणि पुढं स्वतःचे माग घालून लुगडी विणून घेऊ लागले. लग्नानंतर लगेच त्यांना देवी आल्या होत्या. त्यातून ते वाचले, पण गालांची आणि कपाळाची पार चाळण झाली. पुढं कधीतरी शहरातल्या एका फोटोवाल्यानं त्यांचा फोटो काढला आणि आपण फार मोठं पुण्य करतोय अशा समजुतीनं निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून सगळे वण पुसून टाकले. त्या काळी सगळेच फोटोवाले हा उद्योग करत. अण्णांनी फोटो बघून म्हणे विचारलं होतं, "ह्यो कुणाचा पावना?" घरात सगळे हसले आणि फोटो भिंतीवर गेला.

अण्णा तापानं गेल्यावर मात्र ते हसू आईच्या अंगाशी आलं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. एका दुपारी माझी वेणी घालता घालता ती म्हणाली, "मला त्येंचं त्वांड आठवंना झालंय गं. डोळं मिटलं की ह्यो फोटूतला बाप्या म्होरं येतो."

मी मागं वळून बघितलं. ती रडत नव्हती. घाबरली होती. चोर दबक्या पावलानं घरात शिरावा तसा तो गुळगुळीत गालांचा माणूस तिच्या डोक्यात शिरला होता आणि अण्णांना एकेक पाऊल बाहेर ढकलत होता. मला त्या फोटोवाल्याचा असा राग आला की तो समोर असता तर त्याचा तिपाई कॅमेरा मी रस्त्यावर भिरकावला असता.

त्याच सुमाराला आमच्या लुगड्यांची नक्कल बाजारात आली. घडीवर चिकटवायचं आमचं लेबल अगदी साधं, गाईचं चित्र आणि खाली नाव. ते कोणीही छापावं. कारभार तेव्हा काकांकडे होता. त्यांनी ठरवलं की लेबलावर अण्णांचा चेहरा घालायचा, आणि तोसुद्धा नोटेवर राजाचं तोंड असतं तसा, बारीक रेघांचा. तशा रेघांची नक्कल करणं येरागबाळ्याचं काम नाही.

हे काम करणारा सोलापुरात एकच माणूस होता. शिळाप्रेसमध्ये, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या छापखान्यात बसणारे एक म्हातारे मुसलमान कारागीर. त्यांना सगळे चाचा म्हणत. लहानपणी भांड्यांवर नावं घालत, मग मुंबईला जाऊन तांब्याच्या पत्र्यावर खोदकाम शिकून आले. हुशार होते आणि आपण हुशार आहोत हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. काकांनी फोटो पुढं केला तसा त्यांनी भिंगातून तो बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"हे गाल कुणी इस्त्री केले?" चाचांनी विचारलं. "उजेड डावीकडून आलाय. नाकाची सावली खरी हाय, मिशीची खरी हाय. गालावर सावलीच न्हाय. माणसाच्या गालाला काय तर उंचवटा असतो की न्हाय?"

काकांनी देवीचं सांगितलं आणि वर म्हणाले, "झालं ते बरंच झालं. गिऱ्हाइकाला देखणं त्वांड दिसू दे."

काकांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आई जेवण वाढत होती. हातातलं भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "भावजी, वण घाला."

"वहिनी, लुगड्यावर देवीचं त्वांड कोण घेईल?"

"मग गायच ऱ्हाऊ द्या."

आई काकांना उलट बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेवटी तडजोड झाली. चाचांनी वण घालून बघावे, छाप पसंत पडला नाही तर गाल सपाट करावे. काकांना खात्री होती की छाप बघून आईच माघार घेईल.

वण कुठं कुठं होते हे मात्र कुणालाच सांगता येईना. फोटो मुका. आईला विचारलं तर ती गोंधळली. चाचा घरी आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "भाभी, डोळ्याला इचारू नका. हाताला इचारा. तुमच्या लेकीची गालफडं बापाची हायत. तिच्या त्वांडावर दावा."

माझी गालफडं बापाची आहेत हे मला सांगायला चाचा कशाला हवे होते? बघायला आलेल्या दोन स्थळांनी ते सांगूनच नकार दिला होता. तरी मी निमूटपणे पाटावर बसले. आईनं डोळे मिटले आणि माझ्या कपाळावर बोटं ठेवली. आधी ती बोटं नुसती चाचपडली. मग हळूहळू त्यांना वाट सापडली. देवीच्या तापात तिनं त्यांना महिनाभर कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घातला होता, खपल्या धरल्यावर तेल लावलं होतं. बोट थांबलं की ती "हितं" म्हणायची आणि चाचा काडीनं तिथं शाईचा ठिपका द्यायचे. "हितं. ह्यो मोटा. ह्येच्या शेजारी दोन बारकं." माझा चेहरा ठिपक्यांनी भरत गेला आणि आईचा आवाज धीट होत गेला. आईनं इतका वेळ माझ्या चेहऱ्याला हात लावल्याचं मला आठवत नाही. पोटातलं पोर लाथा मारत होतं, पण मी हलले नाही.

पुढं दिवस भरत आले तरी मी काकांच्या टांग्यात बसून प्रेसमध्ये जाऊन यायची. आई ओरडायची, पण मला ते काम बघितल्याशिवाय चैन पडत नसे. खिडकीला तेलकट कागद लावलेला, म्हणजे तांबं डोळ्यावर चमकू नये. फोटोवर जिलेटिनचा पारदर्शक तुकडा ठेवून चाचांनी सुईनं चेहऱ्याच्या कडा आणि माझ्या तोंडावरून कागदावर उतरवून नेलेले ठिपके कोरून घेतले, त्या ओरखड्यांत लाल भुकटी भरली आणि तुकडा पालथा घालून मेण लावलेल्या पत्र्यावर घासला. चेहरा पत्र्यावर उलटा उतरला. छापताना तो सुलटा होतो. म्हणून काम करताना ते फोटोकडे सरळ बघत नसत, आरशात बघत.

पत्रा वाळू भरलेल्या कातडी उशीवर. कलम, म्हणजे पोलादाची टोकदार सळई, तिची लाकडी मूठ तळहातात. आणि गंमत अशी की वळणदार रेघ काढताना चाचांचा हात जवळजवळ हलत नसे. डाव्या हातानं ते पत्राच फिरवत. तांब्याचा केसासारखा तुकडा कलमापुढं गुंडाळत यायचा. रेघेच्या कडेला उठलेली तांब्याची खरबरीत कूस ते धारेनं खरवडून काढत.

मला वाटलं होतं रेघा म्हणजे आडव्या-उभ्या, चटईसारख्या. चाचांनी माझी कीव केली. "घागरीला दोरी गुंडाळ," ते म्हणाले. "दोरी सरळ जाती का? घागर फिरती तशी फिरती. रेघ गालावरनं गेली पायजे, कागदावरनं न्हाय." रेघांची पहिली फळी गालाच्या गोलाईनं जायची. तिला तिरकी छेदणारी दुसरी, आणि मधल्या चौकटींत ठिपके. अंधारात रेघ खोल आणि जाड व्हायची, उजेडाकडे येताना बारीक होत होत तुटून नुसते ठिपके उरायचे. लांबून बघितलं की रेघा नाहीशा होऊन मांसल गाल दिसायचा. मी आयुष्यात पुष्कळ कसब बघितलंय, जरीकाठाचं बघितलंय, पण तसं पुन्हा नाही बघितलं.

पहिला छाप घेऊन चाचा स्वतः घरी आले. चेहऱ्यावर लग्नातल्या व्याह्याचा रुबाब. आईनं कागद हातात घेतला, बघितला आणि पालथा करून ठेवला.

"हे तवाचं हायत," ती म्हणाली. "अंगावर देवी व्हत्या तवाचं."

मी कागद उलटला. खरंच, एकही खड्डा नव्हता. सगळे फोड होते, टरारून वर आलेले. चाचांनी कागद हिसकून उजेडाकडे धरला आणि चूक त्यांना दिसली. फोटोत वण नव्हतेच, त्यामुळं ते खोदताना त्यांनी आरसा बाजूला ठेवला होता आणि मनानं खोदले होते. मनात उजेड डावीकडून होता. पत्र्यावर तो उजवीकडून येत होता. खड्ड्याची सावली उजेडाच्या बाजूच्या कडेला पडते. ती पलीकडच्या कडेला गेली आणि खड्ड्याचा फोड झाला. जन्मभर उलटं लिहिणारा माणूस, नको तिथं सुलटा चालला.

काकांनी संधी साधली. "आता घासून सपाट करा, चाचा. द्येवाच्याच मनात न्हाय."

घासणं सोपं होतं. गाल गुळगुळीत करून वर साध्या रेघा ओढल्या असत्या तर काम मिटलं असतं, पैसेही तेवढेच मिळाले असते. चाचांनी काकांकडे बघितलंच नाही. आईला म्हणाले, "भाभी, त्या दिवसांची याद दिली, माफी करा. आता बरे करून आणतो."

ती दुरुस्ती मी बघितली. फोड खरवडून पॉलिशनं घोटले की तिथं तांब्यात खळगा पडतो. तो खळगा पत्र्याच्या पाठीमागून हलकेच ठोकून वर आणायचा. एक ठोका जास्त झाला की शेजारचा गाल फुगला. चाचा ठोकायचे, बोट फिरवायचे, पुन्हा ठोकायचे. तोंडावरचा अभिमान कुठल्या कुठं गेला होता. मग आरसा समोर ठेवून त्यांनी प्रत्येक खड्डा नव्यानं खोदला. गालावरून येणारी रेघ उजेडाकडच्या कडेला जाड होऊन आत उतरायची, पलीकडची कड चढताना तुटायची आणि पुन्हा आपल्या वाटेनं पुढं जायची. वण वरून चिकटवलेले नव्हते. रेघाच त्यातून चालत गेल्या होत्या.

दुसरा छाप आला तेव्हा काका बंडी घालून, बोडक्या डोक्यानं झोपाळ्यावर बसले होते. चाचांनी कागद सरळ त्यांच्या हातात दिला. काकांनी बघितलं. मग ते उठले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि उभ्यानंच पुन्हा बघू लागले. थोरल्या भावासमोर ते कधी बोडके बसले नव्हते. आपण काय केलं हे त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. लेबल कसं दिसेल, गिऱ्हाईक काय म्हणेल, यातलं काही ते बोलले नाहीत.

"वहिनी," एवढंच म्हणून त्यांनी कागद आईपुढं धरला.

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. कागद मांडीवर घेऊन ती किती तरी वेळ बघत बसली. मला वाटलं ती वण मोजत असेल. पण तिचे डोळे वणांवर नव्हते, सगळ्या चेहऱ्यावरून सावकाश फिरत होते. चाचा दाराशी उभे होते, निकालाला उभं राहावं तसे.

शेवटी ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "चाचा, आता माझ्या ध्यानात न्हाय ऱ्हायलं तरी चालंल."