उस्ताद रिफ्कींचा उजवा हात

मी कैरोच्या कोर्टात बेलिफ आहे. नोटिसा पोचवता पोचवता कुत्री चावली, बायकांनी झाडूनं बडवलं. पण रिफ्कींच्या नोटिशीच्या वेळचा राग अजून उतरलेला नाही.

रिफ्की शाळेत अक्षरलेखन शिकवायचे. सव्वीस वर्षं पोरांची अक्षरं वळवली, त्याच पगारातून न्यू कैरोत मुलीसाठी, नहलासाठी, फ्लॅट घेतला. घर ताब्यात आलं की लग्न, असं ठरलेलं. दारावर तिचं नाव आपणच रंगवणार, हे त्यांनी मलाही दोनदा सांगितलं.

शेवटचा हप्ता भरला, तर कंपनीचं पत्र: क्लबचं सदस्यत्व दीड लाख पौंड, पार्किंग दोन लाख, भरल्याशिवाय चावी नाही. रिफ्कींनी उत्तर स्वतः लिहिलं, वकिलानं सही ठोकली. कराराचं सातवं कलम: ठरलेल्या किमतीवर फक्त देखभालीची ठेव. अकरावं: दोघांच्या लेखी सहीशिवाय वाढ नाही. क्लब आणि पार्किंगचं करारात नावही नाही. पंधरा दिवसांत ताबा द्या, नाहीतर कोर्टात भेटू.

हीच नोटीस पोचवायला मी कंपनीच्या कार्यालयात गेलो, तेव्हा ते माझ्यासोबत आले. व्यवस्थापक एहाब पत्र वाचून हसला.

"काय हो उस्ताद, सगळे गुपचूप भरतात, तुम्हालाच शिंगं फुटली?"

"मला गाडी नाही, गाढवसुद्धा नाही. पार्किंगमध्ये काय बांधू?"

"स्वतःलाच बांधा!"

"सही तुझ्या कंपनीची आहे. वाचता येत नसेल तर माझ्या वर्गात बस."

एहाबनं मानेनं खूण केली. दोन पहारेकऱ्यांनी रिफ्कींना टेबलावर आपटलं. नाक फुटलं, नोटिशीवर रक्त सांडलं. त्यांनी कागद सोडला नाही, म्हणून एकानं उजवा हात फरशीवर दाबून त्यावर बुटाची टाच हाणली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडलो, तर कानशिलात बसली.

"कागद घेतलाच नाही आम्ही!" एहाब ओरडला. "नोटीस मिळालीच नाही!"

मूर्ख! न घेतलेली नोटीस आम्ही त्याच दिवशी पोलीस ठाण्यात देतो, वर रजिस्टर पत्र टाकतो, झाली पोच. मी मूळ प्रतीच्या मागे लिहिलं: 'नकार दिला. माझ्यादेखत मारहाण केली.'

इस्पितळाचा दाखला आला: वीस दिवसांहून जास्त उपचार. म्हणजे गुन्हा जड. लगेच एहाब फळं घेऊन दारात. "उस्ताद, तक्रारीत समेट करा. चावी घ्या, जादा एक पै नको."

"करू नका!" मी म्हणालो. "सडू दे त्याला तुरुंगात!"

"महरूस, पोरीचं लग्न दोनदा पुढे ढकललंय," रिफ्की मला म्हणाले.

एहाबनं आधी लिहून दिलं: जादा काही मागणार नाही. मग रिफ्कींनी समेटाच्या कागदावर डावा अंगठा उमटवला. सव्वीस वर्षं अक्षर शिकवणाऱ्याचा अंगठा. मला रडूच कोसळलं.

लग्नाला गेलो होतो. दारावर नहलाचं नाव होतं, डाव्या हातानं काढलेलं, पहिलीतल्या पोरासारखं वाकडं. रंगारी बोलवू म्हणत होते सगळे. नहलानं हात लावू दिला नाही.